साडेआठची झोप

जगातल्या कुठल्याही नवराबायकोचं भांडण अडीचशे शब्दांत मिटवता येतं, असं त्याचं ठाम मत होतं, आणि गेली सहा वर्षं दर रविवारी तो ते मिटवतही आला होता. अट एवढीच, की ते नवराबायको आपण नसावं. ही अट त्याला फार उशिरा कळली. म्हणजे नेमकं सांगायचं तर एका मंगळवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखालची खुर्ची मिळाली म्हणून तो मनातल्या मनात खूश असताना.

एकतीस वर्षं त्याने त्याच कचेरीत उपसंपादकाची नोकरी केली होती आणि जोडीला एक विनोदी सदर चालवलं होतं. निवृत्त झाल्यावर मालकांनी शाल दिली आणि वर ‘मावशीला विचारा’ हे सदरही गळ्यात घातलं, कारण आधीची मावशी, म्हणजे क्रीडा पानावरचा एक गृहस्थ, मुलाकडे परदेशी निघून गेला होता. मावशीचं काम वरून दिसतं तितकं सोपं नाही. पत्रं येतात ती चार-चार पानांची. त्यात माणूस पहिली तीन पानं सासूबद्दल लिहितो आणि खरं दुखणं शेवटच्या ओळीत, ‘ता. क.’ म्हणून टाकतो. ते शोधून शंभर शब्दांत बसवायचं. गाव बदलायचं, धंदा बदलायचा, दोन मुली असतील तर एक मुलगा करायचा, आणि पत्र तीन आठवडे दाबून ठेवायचं, म्हणजे छापून आल्यावर घरातल्या कुणी ‘हे आपलंच’ म्हणून पेपर अंगावर फेकू नये. मग उत्तर. आधी त्याचं दुःख त्याला एका वाक्यात परत वाचून दाखवायचं, कुणाची बाजू घ्यायची नाही, करायला एकच छोटं काम द्यायचं, आणि जिथे आपली अक्कल संपते तिथे डॉक्टरचा किंवा वकिलाचा दरवाजा दाखवायचा. आणि पत्रंच आली नाहीत तर? परीक्षांच्या दिवसांत लोकांना दुःखाला वेळ नसतो. तेव्हा पत्रसुद्धा मावशीनेच लिहायचं. ही गोष्ट कचेरीत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच बोलत नव्हतं, घरातल्या उंदरांसारखं.

तर त्या आठवड्यात पत्र नव्हतं. त्याने सकाळी दाढी करता करता एक रचलं आणि दहा मिनिटांत उतरवून काढलं. ‘माझी पत्नी गेले काही महिने साडेआठलाच झोपायला जाते. संध्याकाळी बोलणं टाळते. मी काही विचारलं तर भलतंच उत्तर देते किंवा दमले म्हणते. आधी आम्ही तासन्‌तास बोलायचो. आता ती पाण्याचा तांब्या उचलते आणि माझ्याकडे न बघता आत जाते. दिवा मी मालवतो. माझं काय चुकलं? – एक पती.’ खाली त्याने झकास उत्तर ठोकलं होतं. झोप ही फार जुनी सवत आहे, तिच्याशी भांडू नये. एखाद्या संध्याकाळी पत्नीसाठी फुलं न्यावीत, तिच्या साडीचं कौतुक करावं, आणि तरी ती झोपली तर आपणही झोपावं, तेवढीच वीज वाचेल. शेवटच्या वाक्यावर तो स्वतःच हसला होता.

पुरवणीची संपादकबाई हसली नाही. ती त्याच्या मुलीच्या वयाची होती, आणि त्याला ‘मावशी’ असंच हाक मारायची. त्यातही आदरार्थी अनेकवचन सोडायची नाही.

“मावशी, हे पत्र कुणाचं आहे?”

“वाचकाचं.”

“खरंच?”

“एका वाचकाचं. नाव-गाव काढलंय मी.”

“बरं,” ती म्हणाली आणि कागद पुन्हा वाचू लागली. तिने वाचताना ओठ हलवले नाहीत, पेन उचललं नाही; त्याला ते आवडलं नाही. “पत्र फार चांगलं आहे. तुम्ही आजवर दिलेल्यात सगळ्यात चांगलं. पण उत्तर बंडल आहे.”

“बंडल?”

“हा माणूस घाबरलाय हो मावशी. आणि तुम्ही त्याला गुदगुल्या करताय.” तिने बोट एका ओळीवर ठेवलं. “हे बघा ना. तांब्या उचलते आणि दिवा मी मालवतो. असलं काही खुर्चीत बसून सुचत नाही कुणाला. ह्याने ते रोज बघितलंय. ह्याला खरं उत्तर द्या. पुढच्या मंगळवारी द्या, घाई नाही. आणि मिशी छान दिसतेय. मावशीला शोभत नाही, पण तुम्हाला शोभते.”

तो जिना उतरला. असलं काही सुचत नाही कुणाला, हे वाक्य त्याच्या पुढे पुढे एकेक पायरी उतरत होतं. रस्त्यावर ऊन होतं, दुकानांवरची कापडी छतं हलत होती, एक माणूस फूटपाथवर उलटी सायकल ठेवून तिचं चाक फिरवून बघत होता, आणि ते चाक थांबेना. तो तिथे उभा राहिला. तांब्या तांब्याचा नव्हता, स्टीलचा होता, त्याच्या बुडाशी एक पोचा होता. पत्रात पोचा लिहिला नव्हता, पण पत्र लिहिताना त्याला तो दिसला होता. म्हणजे त्याने काहीच रचलं नव्हतं. घरात आठ महिने चाललेली गोष्ट त्याने एका अनोळखी पतीच्या नावाने स्वतःलाच कळवली होती, आणि उत्तरादाखल वीज वाचवायला सांगितलं होतं.

त्याची बायको एका मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. अजून दोन वर्षं नोकरी होती. सकाळी आठ ते चार, काचेपलीकडे माणसांची रांग. काचेला मध्ये हाताएवढं भोक, त्यातून लोक नाव, वय, कुठे दुखतं ते सांगायचे. ती घरी यायची, हातपाय धुवायची, चहा व्हायचा, स्वयंपाक व्हायचा, आणि जेवणं झाली की पूर्वी खरा दिवस सुरू व्हायचा. तो सदराचा मजकूर मोठ्याने वाचायचा आणि ती कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकायची. “हे काढा,” म्हणायची. “असं बोलून कुठली बाई ऐकेल?” किंवा नुसतंच “हं,” आणि त्या ‘हं’चे सात प्रकार होते, ते त्याला पाठ होते. खरं सांगायचं तर मावशी म्हणजे तीच होती. तो नुसता मावशीचा लेखनिक. आणि आता आठ महिने मावशी साडेआठला झोपत होती, आणि लेखनिक एकटाच विनोद करत बसला होता. त्याने बोलून पाहिलं नव्हतं असं नाही. एकदा तो आरामखुर्चीतून म्हणाला होता, “सल्ला वाचून दाखवू का?” ती आत वळताना थबकून म्हणाली, “कुणावर हल्ला?” त्याला ते लागलं. मग पटलंही, कोटी चांगली होती. दुसऱ्यांदा त्याने विचारलं, “तुला माझा कंटाळा आलाय का?” तर ती म्हणाली, “कुठली शाळा?” म्हणजे मी शाळा घेतो, मास्तरकी करतो, असं. तिसऱ्यांदा “एक पत्र आलंय” म्हटल्यावर “छत्री कशाला आता, पाऊस कुठाय,” असं म्हणून ती निघून गेली, आणि त्याने मनात तिला दहापैकी नऊ गुण दिले. एकतीस वर्षं शब्दांच्या कोलांट्या मारून पोट भरलेला माणूस. बायकोच्या तोंडून तीन कोट्या पडल्यावर त्याला एकच अर्थ लागला, की ती त्याच्याच हत्याराने त्याला सोलते आहे.

आणि सोलणाऱ्या बाईच्या घरात संध्याकाळी फार भीती वाटते. आठ वाजून पाच मिनिटांनी ती ओटा पुसायची. आठ-वीसला नळ. मग तांब्या भरल्याचा आवाज, आधी पोकळ, मग वर वर चढत जाणारा, मग बंद. तो वर्तमानपत्र धरून बसायचा आणि तो चढता आवाज थांबेपर्यंत एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचा. तिची सावली समोरच्या भिंतीवरून जायची; दार अर्धं लोटलं जायचं, पूर्ण नाही; पलंगाची एक फळी करकरायची. नंतर जे उरायचं त्याला शांतता म्हणणं शक्य नव्हतं, कारण त्यात फ्रीजची घरघर असायची, पंखा असायचा, खालच्या मजल्यावरच्या दूरदर्शनवरचं कुणीतरी रडत असायचं, आणि ह्या सगळ्यातून त्याला एक जुनं दार लागल्याचा आवाज यायचा. तो आठ वर्षांचा असताना त्याची आई अशीच लवकर झोपायला लागली होती. वडील खुर्चीत. आई आत. मधे तो, पाढ्यांची वही घेऊन. वडिलांनी काही विचारलं नाही, आईने काही सांगितलं नाही, आणि एका सकाळी आई पत्र्याची ट्रंक घेऊन मामाकडे गेली ती चौदा महिन्यांनी परत आली. आली तेव्हा वडील त्याच खुर्चीत होते. ते म्हणाले, “चहा टाकतेस का?” तिने टाकला. त्यावर पुढे चाळीस वर्षं कुणी एक अक्षर काढलं नाही. लोकांना तो हा किस्सा हसवण्यासाठी सांगायचा. पण घरी पलंगाखालची बॅग जागेवर आहे ना हे त्या मंगळवारी संध्याकाळी त्याने वाकून, चप्पल शोधायच्या निमित्ताने, पाहिलं. बॅग जागेवर होती. तिच्यावरची धूळ मात्र पुसलेली होती, आणि हे त्याला अधिकच भयंकर वाटलं. घरातल्या सगळ्याच वस्तूंवरची धूळ ती पुसते, हे नंतर लक्षात आलं. पण भीती बसल्यावर माणसाला पुसलेली धूळसुद्धा पुरावा वाटते.

खऱ्या पत्राला मावशीने काय सांगितलं असतं? ह्या प्रश्नावर तो बुधवारी सकाळी वहीसमोर बसला. अशा पत्रांना एक जुनं, खात्रीचं काम देता येतं: सात दिवस नुसतं लिहून ठेवायचं. काय दिसलं, काय ऐकलं, किती वाजता, कोण कुठे होतं. काय वाटलं ते लिहायचं नाही. कित्येक पतींना त्याने हे काम दिलं होतं आणि त्यातला कुणी ते करत असेल अशी त्याला कधी शंकाही आली नव्हती. त्याने समास आखला. बुधवार, आठ-पंचवीस, मी खुर्चीत, मागे उभा दिवा. मी म्हणालो, आज दमलीस का. ती म्हणाली, हो हो, ठेवलंय. गेली. ‘उपहासाने’ असं पुढे लिहून त्याने ते खोडलं, कारण ते वाटणं झालं. गुरुवार: मी पेपर तोंडासमोर धरून बोललो, उत्तर नाही. शुक्रवार: फोन वाजला, ती शेजारून गेली, उचलला नाही. शनिवारी तिला सुट्टी होती; सकाळी दहा वाजता, स्वयंपाकघरात, खिडकीजवळ, समोरासमोर, तिने त्याला रुग्णालयातल्या एका डॉक्टरची नक्कल करून दाखवली आणि दोघं हसले. हे लिहिताना त्याची पेन्सिल अडली. सोडून जाणारी बाई नक्कल करते का? कदाचित सोडून जाणारीच करते; मन हलकं झालेलं असतं. खोडलं. वाटणं.

रविवारी संध्याकाळी सात वाजता वीज गेली. त्याने टॉर्च टेबलावर उभी करून ठेवली; प्रकाश छतावर आदळून खाली त्याच्या तोंडावर पडला. पंखा थांबला, फ्रीज थांबला, खालचं रडणं मध्येच तुटलं. आणि ती येऊन समोर बसली, अगदी जवळ, आणि बोलायला लागली. खिडकीवर आलेल्या एका म्हातारबाबांची गोष्ट सांगितली, ज्यांनी वयाच्या रकान्यात ‘पुरे झालं’ असं सांगितलं होतं. त्याने विचारलं, तिने उत्तर दिलं, बरोबर उत्तर दिलं, पंचवीस मिनिटं. ती बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. जरा खाली बघत होती, तोंडाकडे, डोळे बारीक करून, दूरची पाटी वाचावी तसं. वीज आली तशी सगळी घरघर एकदम उठली आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं गेलं. “झोपते मी,” ती म्हणाली. पावणेआठ झाले होते. त्याने वहीत सगळं लिहिलं, आणि खाली लिहिलं: ती माझ्या तोंडाकडे का बघत होती. हे दिसणं की वाटणं हे ठरेना. त्याला आईची आठवण झाली, ट्रंक उचलताना तिने त्याच्याकडे असंच लक्षात ठेवून घेतल्यासारखं पाहिलं होतं. रात्रभर, म्हणजे त्याच्या लेखी साडेनऊपर्यंत, तो जागा होता.

सोमवारी, सहाव्या संध्याकाळी, तो खुर्चीत बसलाच नाही. आठ-वीसला स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. ती पाठमोरी होती. नळ चालू होता, तांब्या भरत होता. त्याने नळ बंद होईपर्यंत वाट पाहिली. उद्या कुणी म्हणायला नको की पाण्याचा आवाज होता. फडकं घेऊन ती ओट्याचा कोपरा पुसू लागली. मग त्याने ते वाक्य बोलून टाकलं, ना मोठ्याने ना हळू, घरात बोलतात तसं.

“तू मला सोडून जाणार आहेस का?”

फडकं गोल फिरत राहिलं. एकोणतीस वर्षं तो त्या पाठीला ओळखत होता. राग आला की उजवा खांदा वर जायचा; वाईट वाटलं की मान एका बाजूला व्हायची; दुर्लक्ष करत असली की ती पाठ दुर्लक्ष करते आहे हे पाठीवर लिहिलेलं असायचं. ह्या पाठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती एका ओटा पुसणाऱ्या बाईची पाठ होती. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. मग म्हणाला, “सल्ला.” मग, आवाज तोच ठेवून, “घराला आग लागली आहे.” तिने फडकं पिळलं, दांडीवर वाळत घातलं, शांतपणे, कडा जुळवून. आणि वळली, तशी दचकून तिने हात छातीवर नेला.

“अगबाई. कधी आलात? असे चोरासारखे काय उभे राहता?”

“आत्ताच,” तो म्हणाला.

“काही म्हणालात का?”

“नाही.”

ती तांब्या उचलून त्याच्या शेजारून गेली. तो तिथेच उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात आठ महिन्यांच्या कोट्या एकेक करून उलट्या पडू लागल्या. सल्ल्यातला ‘स’ तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता; मागे उरलेल्या ‘ल्ला’ला तिने जवळचा शब्द जोडला होता. कंटाळ्यातला फक्त ‘आळा’ पोचला होता, तिने त्याची शाळा केली होती. तिने त्याला एकदाही टोमणा मारला नव्हता. ती दिवसभर काचेपलीकडून तुटके आवाज ओढून घेत होती, अर्धे ओठांवरून वाचत होती, उरलेले अंदाजाने भरत होती, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तिच्याकडे भरायला अंदाज उरत नव्हते. त्यात घरात उभा दिवा त्याच्या पाठीमागे, तोंड अंधारात, वर पंखा. आणि तिथून एक अंधारी आकृती तिच्याकडे शब्द फेकत होती आणि तिच्या चुकांना दहापैकी नऊ गुण देत होती. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ती जाणार नव्हती. पण त्याला आठवड्यातली सगळ्यात मोठी भीती त्या क्षणी वाटली, कारण त्याला कळलं, की ती आधीच एकटी कुठेतरी गेलेली आहे, रोज जाते आहे, आणि आपण तिथे दार लागल्याचा आवाज ऐकण्यापलीकडे काही केलेलं नाही. दुसरं असं, की हे तिने लपवलं होतं. लपवलेलं उघडं करायला गेलं की समोरचा माणूस नेमका हातातून निसटतो. तोंडावर विचारलं आणि ती ‘मला सगळं ऐकू येतं’ म्हणाली, तर तो दरवाजा कायमचा बंद. असे दरवाजे त्याने पत्रांतून शेकड्यांनी पाहिले होते.

मंगळवारी पहाटे त्याने उत्तर लिहिलं. सात वाजता, ती कामावर जायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या खिडकीशी, उजेड आपल्या तोंडावर येईल अशा बाजूला तो बसला, आणि कागद व लाल पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. तिने घड्याळाकडे पाहिलं, चष्मा लावला. पूर्वी ऐकायची, आता वाचायला लागली.

‘प्रिय पती, तुम्हाला वाटतं आहे की संध्याकाळी दार लागतं ते तुमच्यासाठी लागतं. ही भीती खरी आहे, तिला हसू नका. पण दमले ह्या शब्दाचे पुष्कळ अर्थ असतात आणि तुम्ही सगळ्यात वाईट अर्थ आधी धरला आहे. झोपायच्या वेळी जाब विचारू नका. तेव्हा तिच्यात उत्तर द्यायचं बळ नसतं. सकाळी, उजेडात, एकच वाक्य बोला: संध्याकाळी मला तुझी आठवण येते, तुला संध्याकाळ कशी जाते? आणि मग गप्प बसा. ती तुमच्या बोलण्याला, रागाला घाबरत असेल, तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. मन उदास असेल, झोप पुरत नसेल, थायरॉइडसारखं काही असेल, तर डॉक्टरांना दाखवावं लागेल. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. ती भलतंच उत्तर देते म्हणता. तिला तुमचं बोलणं नीट पोचतं का? कमी ऐकू येणारं माणूस दिवसभर ऐकण्याचं कष्टाचं काम करतं आणि संध्याकाळी गळून जातं. गोंगाटात आणि अंधुक उजेडात ते बोलणंच टाळतं. मोठ्याने बोला. न कळलं तर पुन्हा सांगा. कानांची तपासणी करून घ्या…’

पेन्सिल कमी ऐकू येणारं ह्या शब्दांपाशी आली आणि थांबली. बाहेर कुणीतरी बादली ओतली. तो तिच्याकडे बघत नव्हता. टेबलावरच्या एका जुन्या डागाकडे बघत होता. तोवर चहावर साय धरली. मग पेन्सिल हलली. तिने ‘मोठ्याने बोला’ खोडलं.

“ओरडलं की शब्द मोठा होत नाही,” ती म्हणाली. “फाटतो. आवाज येतो, पण काय म्हणाले ते येत नाही. आधी समोर या, हात लावा, मग बोला, असं लिहा. आणि पुन्हा सांगा काढा. तोच शब्द दहा वेळा आदळला तरी तो तोच राहणार. दुसऱ्या शब्दांत सांगा.” तिने ते समासात लिहिलं. “कधी कळलं?”

“काल. तू ओटा पुसत होतीस.”

“काय म्हणालात मागून?”

“घराला आग लागली म्हणालो.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि हसावं की नाही ह्याचा विचार केला. “त्याआधी?”

त्याने त्याआधीचं सांगितलं. ह्या वेळी तिच्यासमोर, उजेडात, सावकाश. तिने ते वाचलं. ऐकलं आणि वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला.

“वेडे आहात,” ती म्हणाली, आणि मग सगळं आलं, एकेक, मागे काही न ठेवता. वर्षभरापासून होतं. आधी पक्षी गेले, मग कुकरची शिट्टी दूर गेली, मग माणसांच्या बोलण्यातली टोकं गेली. दोन महिन्यांपूर्वी खिडकीवर दोन बायका आल्या, आडनाव एकच, नाव एका अक्षराने वेगळं. तिने एकीचा कागद दुसरीच्या नावाने काढला. वॉर्डातल्या नर्सने इंजेक्शनच्या आधी पुन्हा नाव विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून ती सगळ्यांना नाव चिठ्ठीवर लिहून मागते, आणि रांग कुरकुरते. “कळलं तर तळघरात रेकॉर्डला बसवतील. आणि तपासायचं कुठे? कानाचा विभाग आमच्याच इमारतीत. केसपेपर मलाच काढावा लागेल ना. नाव काय? माझंच. काय होतंय? ऐकू येत नाही. माझ्याच खिडकीसमोर मीच उभी.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “आणि तुम्ही. तुम्ही ह्यावर एखादा लेख लिहाल असं वाटलं. हसतील लोक.”

तसा लेख त्याने लिहिलाच असता, हे त्याला माहीत होतं, आणि ते तिलाही माहीत आहे हेही. गार झालेल्या चहावरची साय त्याने चमच्याने बाजूला केली. “तुमच्या तिथे नको,” तो अखेर म्हणाला. “दुसरीकडे जाऊ. बंद खोलीत बसवतात, कानाला लावतात, बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. बस. मी वाचलंय.”

“यंत्र लावायला सांगतील.”

“लावू. चष्मा नाही का लावत?”

“आणि मला ते बटण दाबताना भीती वाटली तर?” ती म्हणाली. “ऐकू नाही आलं म्हणून न दाबता बसले, आणि आवाज सगळे येऊन गेलेले असले तर?”

“मी बाहेर बसतो. काचेपलीकडे.”

ती उठली. पर्स घेतली, छत्री घेतली, ठेवली. त्याने खुर्ची मागे सारली. उभा दिवा आजच हलवायचा, खुर्ची भिंतीकडे फिरवायची, जेवताना पंखा बंद ठेवायचा, सगळं त्याने मनात मांडलं होतं. एकोणतीस वर्षांत प्रथमच तो तिला काही मागायला सांगणार होता, आणि ती जे मागेल ते, अगदी जे म्हणेल ते, द्यायची त्याची तयारी होती. तो तिच्यासमोर आला, हाताला हात लावला, आणि मग बोलला.

“मी अजून काय करू? सांग.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, डोळे बारीक करून, रविवारसारखीच.

“सांगू?” ती म्हणाली. “निवृत्त झाल्यावर वाढवलीत, म्हणून इतके दिवस बोलले नाही. पण तेवढी मिशी काढा. वरचा ओठ दिसत नाही.”